व्याज रोजचे की महिन्याचे?

पूर्वी अनेक पेढ्यांत दिवाळीला खाती मिटवताना वर्षाचे व्याज एकदाच मांडले जाई आणि ते मुद्दलात मिळवून नवी बाकी पुढच्या वहीत ओढली जाई. बँकांनी मात्र, शेतीकर्जे वगळता, १ एप्रिल २००२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार दरमहा व्याज लावण्यास प्रारंभ केला.

कॅश क्रेडिटच्या मंजुरीपत्रात ‘दैनिक बाकीवर व्याज’ असे शब्द दिसले की रोज व्याजावर व्याज चढते, असा समज होतो. तो बरोबर नाही. व्याज मोजले जाते रोज. मुद्दलात मिळते महिन्याच्या अखेरीस. खात्याच्या उताऱ्यात व्याजाची नोंद महिन्यातून एकदाच नावे पडलेली दिसली, की चक्रवाढ मासिक आहे असे समजावे. रोजची मोजणी तर व्यापाऱ्याच्या हिताचीच, कारण भरणा केलेल्या रकमेवरील व्याज त्याच दिवसापासून थांबते. जुन्या कटमितीशी परिचित असलेल्यांना यात नवे काही वाटू नये.

चक्रवाढ खरोखरच रोजची असती तर किती भुर्दंड पडला असता? दहा लाख रुपये १२ टक्क्यांनी वर्षभर फेडल्याविना राहिले, तर मासिक चक्रवाढीने व्याज सुमारे १,२६,८२५ रुपये होते आणि दैनिक चक्रवाढीने सुमारे १,२७,४७५. फरक ६५० रुपयांचा. याउलट, याच खात्यात दोन लाखांचा भरणा पंचवीस तारखेऐवजी पाच तारखेला झाला, तर त्या वीस दिवसांचे व्याज १,३१५ रुपयांनी वाचते. टेबलाच्या खणात पडून राहिलेला एक धनादेश अशा रीतीने वर्षभराच्या चक्रवाढीच्या फरकाहून महाग पडतो.

क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी, कारण तेथे मूळ दरच जबर असतो. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, असा हिशेब मनात चटकन होतो. पण एक लाखाची थकबाकी वर्षभर तशीच राहिली, तर मासिक चक्रवाढीने व्याज ५१,१०७ रुपये होते. ४२ टक्के हाच दर धरून दैनिक चक्रवाढ लावली, तर सुमारे ५२,१६०. रोज आणि महिना यांतील अंतर येथे हजार रुपयांवर गेले, हे खरे. तरीही सरळ व्याजापेक्षा जे नऊ हजार वाढले, ते मासिक चक्रवाढीनेच. शिवाय व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा द्यावा लागतो.

किमान रक्कम भरून निश्चिंत होणाऱ्यास आणखी एक गोष्ट उशिरा कळते. मागील थकबाकी शिल्लक असेतो नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या साडीवरही आजपासूनच व्याज धावू लागते.