समोरचा मोहरा फुकट मिळतोय, तरी ग्रँडमास्टर तो लगेच का मारत नाही?

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये सिंधुदुर्गाला अगदी खेटून असलेल्या गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव तो जिंकला. त्याआधी २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला होता. त्यामुळे मालवण-कुडाळपासून मुंबईपर्यंत अनेकांनी पहिल्यांदाच हे डाव मोबाईलवर थेट पाहिले. अशा प्रक्षेपणात एक गोष्ट नवख्यांना हमखास कोड्यात टाकते. एकाने मोहरा मारला, आता दुसरा उलट मारणार हे पोरालाही दिसतं. पण खेळाडू तसं न करता भलतीकडेच चाल करतो आणि समालोचक खूश होतात.

या चालीला जर्मनमध्ये 'त्स्विशेनत्सुग' म्हणतात. अर्थ सरळ आहे: मधली चाल. उलट मारणं रद्द होत नाही, फक्त एका चालीने पुढे ढकललं जातं. मात्र त्या एका चालीत पट बदललेला असतो.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. न्यूयॉर्क, १९२४. पांढऱ्या मोहऱ्यांनी टार्टाकोवर, काळ्यांनी तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका. खालच्या चाली कुठल्याही बुद्धिबळ ॲपच्या पटावर मांडून बघता येतील:

```
1. e4 e5 2. f4 exf4 3. Be2 d5
4. exd5 Nf6 5. c4 c6 6. d4 Bb4+
7. Kf1 cxd5 8. Bxf4 dxc4 9. Bxb8 Nd5
```

नवव्या चालीला टार्टाकोवरच्या उंटाने b8 वरचा घोडा मारला. तो उंट आता काळ्या हत्तीच्या तोंडात बसलाय. हत्तीने उंट मारायचा आणि हिशेब बरोबर, असं कुणालाही वाटेल. टार्टाकोवरला नेमकं तेच हवं होतं. हत्तीने उंट मारला की पांढरा वजीर a4 वर येतो. तिथून तो काळ्या राजाला शह देतो आणि त्याच वेळी b4 वरच्या काळ्या उंटावरही मारा करतो. त्या उंटाला कुणाचाही आधार नाही. राजा वाचवायचा तर उंट जातो. म्हणजे ज्या देवाणघेवाणीत बरोबरी दिसत होती, त्यात काळा एक मोहरा गमावतो.

कापाब्लांकाने हत्तीला हातच लावला नाही. त्याने f6 वरचा घोडा d5 वर नेला. या एका चालीने दोन कामं झाली. पहिलं, घोड्याने b4 वरच्या उंटाला आधार दिला, त्यामुळे वजिराच्या शहातली हवाच गेली. दुसरं, तोच घोडा आता e3 वर उडी मारून f1 वरचा राजा आणि d1 वरचा वजीर एकदम पकडण्याच्या बेतात होता. आणि b8 वरचा पांढरा उंट? तो अजूनही हत्तीच्या तोंडातच.

टार्टाकोवरने उंट e5 वर पळवला असता, तर घोडा e3 वर येऊन वजीर घेऊन गेला असता. f4 वर नेला, तर तिथून e3 वर लक्ष राहतं खरं. पण काळा वजीर f6 वर येतो आणि तो उंट राजासमोर जखडला जातो. जखडलेला उंट e3 वर आलेल्या घोड्याला मारू शकत नाही, म्हणजे धोका तसाच राहतो. शेवटी टार्टाकोवरने राजा f2 वर आणून e3 सांभाळलं. मग कापाब्लांकाने निवांतपणे हत्तीने उंट मारला. मारायचं तेच होतं, फक्त आता a4 वरच्या शहाची भीती उरली नव्हती. वर पांढरा राजा उघड्यावर आला होता. तिसाव्या चालीला डाव संपला, काळ्याच्या बाजूने.

मधली चाल चालते कधी? तिचा धोका समोरच्याला दुर्लक्षित करता येणार नाही एवढा मोठा असेल तेव्हाच. शह असला तर प्रश्नच नाही, उत्तर द्यावंच लागतं. वजिरावर हल्ला हा त्याखालोखाल. पण इथेच नवशिके फसतात. वजिरावर हल्ला केला आणि समोरच्याने वजीर हलवताना शह दिला, तर आपली चाल वाया जाते आणि पुढच्याच चालीला मारायला ठेवलेला मोहरा पळून जातो. किंवा तो जाता जाता आपलंच काहीतरी मारून जातो. त्यामुळे खेळण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात: समोरच्याकडे शह देणारं उत्तर आहे का, आणि लटकलेला मोहरा आपल्या चालीनंतरही लटकलेलाच राहतो का. वरच्या डावात दोन्हींची उत्तरं कापाब्लांकाच्या सोयीची होती. a4 वरचा शह होता, पण तो पोकळ झाला होता.

जलद डावांमध्ये या चाली जास्त सुटतात, याचं कारणही यातच आहे. घड्याळ संपत आलं की उलट मारणं हात आपोआप करतो. समोरच्याने कुठे मारलं हे दिसतं, पण त्याने ते का मारू दिलं हा प्रश्न विचारायला काही सेकंद लागतात. प्रक्षेपणातली पट्टी अचानक एका बाजूला झुकते, ती पुष्कळदा अशाच क्षणी.