पळता पळता पोट बिघडते तेव्हा

आमच्या वस्तीतला एक तरुण गेल्या वर्षी 21 किलोमीटरच्या शर्यतीत उतरला. बाराव्या किलोमीटरला पोटात मुरडा आला आणि त्याला जोराची संडासला लागली. वाटेतल्या संडासापुढे रांग. दहा मिनिटे गेली. घरी आल्यावर लाजून कुणाला सांगेना. त्यात लाजण्यासारखे काही नाही. 2005 साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफ हिला रस्त्याच्या कडेलाच बसावे लागले होते, तरी शर्यत तिनेच जिंकली.

असे का होते? पळताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळते, आतड्यांना कमी पडते. त्यात हजारो पावलांचे हादरे. अशा वेळी आतड्यात चोथा, दूध किंवा तेलकट पदार्थ असले की पोट कुरकुरते.

आम्ही त्याला आदल्या दिवसाचे जेवण विचारले. रात्री दहाला हरभऱ्याची उसळ आणि बाजरीची भाकरी. पहाटे निघताना पेलाभर दूध. एरवी हे उत्तम अन्न. पण पोट मोकळे व्हायला वेळच उरला नाही.

यंदा आम्ही मिळून बदल केला. शर्यतीआधी दोन दिवस उसळ, पालेभाजी, भाकरी बंद; भात, पातळ वरण, बटाटा सुरू. आदल्या रात्री आठच्या आत जेवण. शर्यत साडेपाचची, म्हणून तो अडीचला उठला, कोरा चहा घेतला आणि साखर लावलेले दोन पाव खाल्ले. चहाने पोट हलते, त्यामुळे घरूनच संडासला जाऊन निघता आले. वाटेत तहानेप्रमाणे दोन-दोन घोट पाणी. गोड जेलची पुडी घेतली तर साध्या पाण्याबरोबरच. सरबताबरोबर घेतली की जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात.

हे सारे त्याने आधी चार रविवारी लांब पळताना करून पाहिले होते. शर्यतीच्या दिवशी नवे काही खाऊ नये. एकाला पाव सोसतो, दुसऱ्याला नाही. हे सरावातच कळते. यंदा पोट एकदा कुरकुरले. तो शंभरेक पावले चालला, कळ गेली, पुन्हा पळाला.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या. पाय दुखू नयेत म्हणून पळण्याआधी दुखण्याची गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आतड्यांना आणखी इजा होते. आणि शौचातून रक्त पडले, शौच डांबरासारखे काळे झाले, किंवा न पळतानाही जुलाब चालूच राहिले, तर तो पळण्याचा त्रास समजून घरी बसू नये. डॉक्टरांना दाखवावे.