करून रायली

परवा भाचीचा फोन आला. राजापेठेतल्या घरात बसून ती जपानी शिकतेय. म्हटलं, "काय करून रायली वं?" तर म्हणाली, "मामा, अभ्यास करून रायली. ते-फॉर्म चालू आहे."

आणि मी हसलोच. कारण ती शिकत होती तेच ती नुकतंच बोलली होती!

जपानीत क्रियापदाच्या 'ते' रूपाचं काम बरंचसं आपल्या 'करून', 'खाऊन'सारखं असतं. त्यापुढे 'इरु' म्हणजे असणे, राहणे. 'ताबेते इमासु' : खाऊन रायलो. 'नोन्दे इमासु' : पिऊन रायलो. पुण्याच्या 'खातो आहे'पेक्षा आपलं वऱ्हाडी इथं मूळ बांधणीच्या जास्त जवळ आहे. अगदी 'आमे गा फुत्ते इमासु', म्हणजे पाणी येऊन रायलं. लहानपणी या 'रायलो'बद्दल मी शाळेत बोलणी खाल्ली आहेत, म्हणून हे लिहिताना जरा बरं वाटतंय. माझं तर म्हणणं आहे की वऱ्हाडी पोरांना हा धडा 'रायलो'वरूनच शिकवावा.

पण एका जागी हे गणित फसतं. भाचीच्या सरावात वाक्य होतं, 'चिची वा तोक्यो नि इत्ते इमासु.' तिनं लिहिलं, "बाबा टोकियोला जाऊन रायले." चूक! अर्थ आहे, बाबा टोकियोला गेलेत, आणि अजून तिकडेच आहेत. वाटेत असते तर 'मुकात्ते इमासु' म्हटलं असतं.

असं का? खाणं अर्धा तास चालू शकतं. 'इकु' मात्र जपानीत जागा बदलण्याची क्रिया, बदल झाला की संपली. मग 'इरु' उरतं ते त्यानंतरच्या अवस्थेसाठी. 'शिन्दे इमासु' म्हणजे मरून रायला नव्हे, मेलाय. (मरायला टेकलेल्यासाठी 'शिनिकाकेते इमासु' असं वेगळं रूप आहे.) 'केक्कोन शिते इमासु' म्हणजे लग्न झालंय, मांडवात उभा आहे असं नव्हे. भाचीला सांगितलं, आधी विचार, ही क्रिया अर्धा तास करत बसता येते का? येत असेल तर 'रायला', नसेल तर 'गेलाय, झालाय, मेलाय'. सगळीकडे नाही चालत हे, पण सुरुवातीला पुष्कळ झालं.

दुसरी तिची चूक कानाची. 'किरु' दोन आहेत. कपडे घालणे, त्याचं 'किते'. कापणे, त्याचं 'कित्ते'. 'शात्सु ओ किते इमासु' म्हणजे शर्ट घातलाय. जोडाक्षरावर जोर आला की शर्ट कापून रायला! जपानी माणूस त्या 'त्त'पाशी क्षणभर थांबतो, आणि तो थांबा नीट ऐकावा लागतो.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मामा, मंग 'आई बाजारात गेली' कसं म्हनू?"

"'इत्ते इमासु'. अजून आली नाही ना?"

"नाई. म्हनून तं मी फोन करून रायली."