मंगळवारी येणारा बुधवार

निविदा सूचनेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक कुणाचे काही बिघडवत नाही. 'निवीदा' छापले तरी टाकी बांधायची ती बांधली जाते. बिघडवतात त्या चुका शुद्धलेखनाच्या नसतात. प्रत्येक वाक्य आपापल्या जागी निर्दोष असते, फक्त पान दोनवरचे वाक्य पान सातवरच्या वाक्याला ओळखत नाही. मुद्रितशोधकाने वरून खाली कितीही काळजीपूर्वक वाचले तरी हा घोळ त्याच्या हाती लागत नाही, कारण तो ओळीत नसतोच, दोन ओळींच्या मध्ये असतो.

नमुन्यादाखल एक सूचना रचून पाहू. गाव कोणतेही समजा. नगरपरिषदेला उंच जलकुंभ बांधायचा आहे. सूचना 1 ऑगस्ट 2025 ची, निविदा सादर करायची अंतिम मुदत सोमवार, 25 ऑगस्ट, सायंकाळी 5. तांत्रिक लिफाफा उघडणार 'मंगळवार, दि. 27 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी 11 वाजता'. आता दिनदर्शिका काढा. 27 ऑगस्ट 2025 हा बुधवार, आणि त्यातही गणेश चतुर्थी. मंगळवार आला कुठून? 2024 मधून. त्या वर्षी 27 ऑगस्टला मंगळवार होता. म्हणजे मागच्या वर्षीची फाईल उघडली, साल बदलले, वार तसाच राहिला. (त्या मंगळवारी गोपाळकाला होता, तेव्हा आधी हंडी की आधी लिफाफा हा प्रश्न तेव्हाही पडला असणार.) तारखेशेजारी वार छापण्याचा खरा उपयोग हाच आहे. वार जुळला नाही, की सूचना कोणत्या वर्षाच्या पोटातून आली ते कळते, आणि मग तिथून आणखी काय काय आले असेल हे शोधायला माणूस सावध होतो.

आपल्या सूचनेत बरेच काही आले आहे. अंदाजपत्रकीय किंमत छापली आहे 1,84,50,000 रुपये. बयाणा रक्कम एक टक्का, '1,48,500 रुपये'. घाईत वाचणारा म्हणेल, टंकलेखकाने 8 आणि 4 उलटे मारले, 1,84,500 करून टाका. इथे थांबायला हवे. आकडा दुरुस्त करण्याआधी तो कुठून आला हे उलटे गणित करून पाहायचे. 1,48,500 हा 1,48,50,000 चा बरोबर एक टक्का आहे. मग पात्रतेच्या अटीकडे वळायचे. तिथे म्हटले आहे, 'अंदाजपत्रकीय किमतीच्या किमान 80 टक्के, म्हणजे 118.80 लाख रुपयांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे.' 118.80 लाख हे कशाचे 80 टक्के? पुन्हा 1 कोटी 48 लाख 50 हजारांचेच. दोन वेगवेगळ्या अटींतले आकडे एकाच जुन्या रकमेची साक्ष देतात, तेव्हा ती बोटाची चूक राहत नाही. अंदाजपत्रक मध्येच सुधारले गेले आणि नवी रक्कम फक्त तक्त्यात चढली, एवढाच अर्थ निघतो. किंवा उलटही असेल, तक्त्यातच चुकले असेल. खरी रक्कम कोणती, हे तपासणाऱ्याने ठरवायचे नाही. ते तांत्रिक मान्यतेच्या आदेशात लिहिलेले असते. तो कागद मागवायचा आणि तोवर सूचना अडवून धरायची. याला कार्यालयात 'खोडा घालणे' म्हणतात, हेही जाता जाता नोंदवतो.

या विसंगतीने होते काय ते पाहा. एका कंत्राटदाराने 1 कोटी 25 लाखांची टाकी बांधलेली आहे. रुपये वाचले तर तो पात्र, टक्के वाचले तर अपात्र, कारण 1,84,50,000 चे 80 टक्के होतात 147.60 लाख. त्याने बयाणा 1,48,500 भरला तर तो छापल्याप्रमाणे पुरेसा आणि एक टक्क्याच्या हिशेबाने 36,000 रुपयांनी अपुरा. त्याला ठेवायचे की बाद करायचे, हे आता सूचनेने नव्हे, लिफाफा उघडणाऱ्याच्या मर्जीने ठरणार. आणि कोणता आकडा खरा हे ज्याला साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता विचारता येते, त्याच्यासाठी तर सूचनेत चूक नाहीच. निविदेतली प्रत्येक विसंगती ही न छापलेली पात्रतेची अट असते, असे आम्हाला वाटते ते यामुळे.

पात्रतेच्या शब्दांतही असेच. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 17 डिसेंबर 2002 च्या परिपत्रकात एक साचा आहे. मागील 7 वर्षांत पूर्ण केलेली तत्सम कामे मोजायची. प्रत्येकी 40 टक्क्यांची तीन, किंवा प्रत्येकी 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचे एक. ही 7 वर्षे मोजायची ती निविदा मागवल्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. आमच्या नगरपरिषदेने साचा उचलला, पण वृत्तपत्रातल्या सूचनेत '7 वर्षे' आणि निविदा संचात '5 वर्षे' ठेवली. नोव्हेंबर 2019 मध्ये टाकी पुरी केलेला माणूस वर्तमानपत्र वाचून पात्र ठरतो आणि संच वाचून अपात्र. 'प्रत्येकी' हा शब्द एका जागी गळाला आहे, त्यामुळे तीन कामे मिळून 40 टक्के भरली तरी चालतील असा दावा करायला वाव आहे. आणि दोन्ही 'किंवा' च्या जागी 'आणि' पडले आहे. मग तीन, दोन आणि एक अशी सहा कामे दाखवायची, की मोठे काम खालच्या दोन्ही गटांत धरून तीनच पुरतील? दोन्ही बाजूंचे वकील खूश होतील असा हा मजकूर आहे.

हे पकडायला विद्वत्ता लागत नाही. वृत्तपत्रातली सूचना, पोर्टलवर भरलेला तपशील आणि निविदा संच ही तिन्ही समोर घेऊन प्रत्येक तारीख, वेळ, रक्कम आणि मुदत एकाच कागदावर उतरवायची. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने खूण करायची. टक्के जिथे असतील तिथे स्वतः गुणायचे. 'रु. लाखात' असा मथळा असलेल्या रकान्यात पूर्ण रुपये घुसले आहेत का ते बघायचे, नाहीतर 1,84,50,000 लाखांची टाकी उभी राहते. दोन माणसे, एक दुपार. पण सूचना वर्तमानपत्राकडे जाते ती त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता, कारण निधी परत जाणार असतो.

म्हणून मग शुद्धिपत्रक निघते. आमच्या नमुन्यातही निघाले. लिफाफा '27 ऐवजी 28 ऑगस्ट' ला उघडेल असे त्यात आहे. तक्रारी आल्यामुळे सादर करण्याची मुदत सोमवार, 1 सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. म्हणजे निविदा येण्याची मुदत संपायच्या चार दिवस आधीच त्या उघडल्या जातील. शिवाय 'अट क्र. 4 मधील "आणि" ऐवजी "किंवा" असे वाचावे' हेही आहे. अट क्र. 4 च्या शेवटच्या ओळीत 'पॅन आणि जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र जोडावे' असे आहे. शुद्धिपत्रक काटेकोर पाळायचे, तर आता दोहोंपैकी एक जोडले तरी भागेल. शुद्धिपत्रक क्रमांक 2 चा मसुदा टंकलेखनाला गेल्याचे कळते.