तीन वर्ग, तीन शिक्षक: शाळेच्या वेळापत्रकात मोकळा तास का उरत नाही?

पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय राज्य सरकारने १६ एप्रिल २०२५ रोजी घेतला आणि २९ जूनला मागे घेतला. वाद भाषेवर झाला. पण नवा विषय आला की तो शिकवणार कोण आणि कधी, हे शाळेच्या वेळापत्रकातच ठरतं. सहावी ते आठवीत तीन भाषा आधीपासूनच आहेत. तिथलं गणित पाहू.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी वर्गामागे किमान एक शिक्षक लागतो. भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतात, पण पट शंभरच्या वर असेल तरच.

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यासारख्या गावात, शंभरपेक्षा कमी पटाची एक शाळा उदाहरण म्हणून धरू. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास आणि शनिवारी ५, म्हणजे आठवड्याला ४५. तीन वर्गांचे झाले १३५.

आधी बेरीज, मग तक्ता

प्रत्येक वर्गाला भाषांचे १९, गणित-विज्ञानाचे १३, सामाजिक शास्त्रांचे ६ आणि कला-कार्यानुभव-खेळाचे ७ तास दिले, तर भाषा शिक्षकावर ५७ तास येतात. आठवड्यात तास आहेतच ४५. म्हणून हिंदीचे १५ तास सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाकडे जातात आणि कला-खेळाचे २१ तास तिघांत ३, ६, १२ असे वाटले जातात. आता प्रत्येकाकडे बरोबर ४५ तास आहेत. मोकळा तास शून्य.

सोमवारचे पहिले तीन तास असे दिसतील:

| तास | सहावी | सातवी | आठवी |
|---|---|---|---|
| १ | मराठी (भाषा) | गणित (गणित) | इतिहास (सामाजिक) |
| २ | गणित (गणित) | हिंदी (सामाजिक) | मराठी (भाषा) |
| ३ | हिंदी (सामाजिक) | इंग्रजी (भाषा) | विज्ञान (गणित) |

कंसात शिक्षक आहे. तपासणी सोपी आहे: आडव्या ओळीत एकच शिक्षक दोनदा दिसला, तर त्या तासाला एक वर्ग रिकामा राहणार.

मोकळा तास कुठून आणायचा?

एक वाट म्हणजे खेळाचे आठवड्यातले दोन तास तिन्ही वर्गांना एकत्र देणं. सामाजिक शास्त्रांचे शिक्षक मैदानावर असतात, तेव्हा बाकी दोघं मोकळे होतात. त्या बदल्यात दोघांचे कलेचे दोन-दोन तास मैदानावरच्या शिक्षकाकडे जातात. म्हणजे वह्या तपासायला दोघांना आठवड्यात दोन तास मिळतात, तिसऱ्याला एकही नाही.

खरी अडचण येते ती एक शिक्षक रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर गेल्यावर. बदली तास घ्यायला मोकळं कुणीच नसतं. त्या दिवशी आठही तासांना कोणता ना कोणता वर्ग शिक्षकाविना बसतो, किंवा दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात. कागदावरचं वेळापत्रक मात्र पूर्ण भरलेलंच दिसतं.