सो, टेल मी अबाउट युवरसेल्फ...

या प्रश्नाला मी एकदा सपशेल आपटलोय. गंमत म्हणजे फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं, काय मस्त बोललो!

झालं असं की एका कंपनीत बॅकएंड डेव्हलपरची जागा निघाली होती. तिथल्या मित्राने माझा रेझ्युमे आत दिला. दोन दिवसांनी दुपारी रिक्रूटर बाईंचा फोन. मी लॅपटॉप बंद करून जिन्यात गेलो आणि सुरू झालो... अगदी सुरुवातीपासून. इंजिनिअरिंग कुठे केलं, कॅम्पसमधून पहिली नोकरी कशी लागली, तिथली दोन वर्षं प्रॉडक्शन सपोर्ट, रात्रपाळ्या, मध्यरात्री पडणारे सर्व्हर. हे सगळं रंगवून सांगता सांगता तीन-चार मिनिटं गेली. सध्याच्या कामापर्यंत आलो तेव्हा माझाच दम संपला होता, म्हणून ते दोन वाक्यांत उरकलं. बाईंनी नोटीस पिरियड विचारला, पगार विचारला, "वी विल गेट बॅक" म्हणाल्या. संपलं.

आठवड्याने मित्राने सांगितलं, तुझ्या नावापुढे शेरा आहे: 'मुख्यतः सपोर्ट. डेव्हलपमेंट कमी.'

साडेचार वर्षं कोड लिहिल्यावर हे ऐकायला लागलं! आधी रिक्रूटरचा रागच आला. पण नंतर शांतपणे विचार केला तर तिची काहीच चूक नव्हती. मी जे जास्त वेळ सांगितलं, तेच तिने लिहिलं.

आपण इथेच फसतो. पहिल्या फोनवरची व्यक्ती बहुतेक वेळा इंजिनिअर नसते. तिच्यासमोर जागेचं वर्णन असतं आणि भरायचे रकाने असतात: एकूण अनुभव, त्यातला कामाचा अनुभव, तंत्रज्ञान, नोटीस पिरियड, अपेक्षित पगार. शिवाय मॅनेजरसाठी दोन-तीन ओळी लिहायच्या असतात. मॅनेजर आपला आवाज ऐकतच नाही, त्या ओळी वाचतो. म्हणजे आपण उत्तर देत नसतो, त्या ओळींचा मजकूर सांगत असतो!

म्हणून माझं मत असं, की जन्मापासून नव्हे, आजपासून सुरुवात करावी. पुढच्या वेळी मी साधारण हे बोललो (इंग्रजीत, अर्थात):

"मी बॅकएंड डेव्हलपर. एकूण साडेसहा वर्षं अनुभव, त्यातली साडेचार जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये. सध्या चार जणांच्या टीममध्ये पेमेंटचा हिशेब जुळवणारी सर्व्हिस सांभाळतो. बँकेकडून रोज रात्री फाइल येते, ती आमच्या नोंदींशी जुळते का ते ही सर्व्हिस तपासते. पूर्वी याला 5 तास लागायचे. मी फाइलचे तुकडे करून ते एकाच वेळी चालवले, आता 50 मिनिटांत होतं. त्याआधी दोन वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला होतो. तुमच्याकडे पेमेंट आणि जावा दोन्ही आहे, म्हणून मला यात रस आहे."

बस्स. एक मिनिटसुद्धा लागत नाही. पहिल्या दोन वाक्यांत तिचे रकाने भरले. मग एकच काम, पण असं की जे इंजिनिअर नसलेल्या माणसालाही कळेल आणि मॅनेजरला पुढे प्रश्न विचारावासा वाटेल. सपोर्टची वर्षं लपवली नाहीत, फक्त त्यांना एक वाक्य दिलं. नोकरीत खंड पडला असेल तर तोही असाच एका वाक्यात सांगावा. लपवला की तो रेझ्युमेवरच्या तारखांतून दिसतोच, आणि मग खुलासा देत बसावं लागतं.

आपलं उत्तर पोचलं की नाही, हे पुढच्या प्रश्नावरून बऱ्यापैकी कळतं. "अच्छा, बट करंटली यू आर वर्किंग ऑन...?" असं आलं, तर समजावं की मुख्य गोष्टच राहिली. तेव्हा न चिडता वरची पहिली दोन वाक्यं पुन्हा सांगावीत. टायपिंगचा आवाज आला तर थोडं थांबावं, ती आपलंच लिहितेय!

एक मात्र आहे. याने जागा मिळेलच असं नाही. बजेट जुळलं नाही किंवा नोटीस 90 दिवसांची निघाली तर कितीही छान बोला, गाडी तिथेच अडते. आणि पाठ केलेलं वाचून दाखवलं तर फोनवरही लगेच ओळखू येतं. चार मुद्दे कागदावर लिहावेत, वाक्यं नकोत.

दुसऱ्या फोननंतर मॅनेजरशी बोलणं झालं. त्याचा पहिला प्रश्न होता, "तुकडे करताना एखादी नोंद दोनदा मोजली गेली तर?" त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. सपोर्टचा विषय निघालाच नाही.