काळा चिमटा लावताना शेवटी, काढताना पहिला

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ड्रायव्हिंग स्कूल चालकाचे पत्र या महिन्यात आले. त्यांच्याकडे शिकून दोन वर्षांपूर्वी परवाना घेतलेला एक तरुण कार्तिकी पौर्णिमेला घरच्यांना घेऊन काशीला गेला होता. बिंदुमाधवाचे दर्शन आणि संध्याकाळी पंचगंगा घाटावरचा देवदिवाळीचा दीपोत्सव असा बेत. पंचगंगा घाटापर्यंत चारचाकी जात नाही, गल्ल्याच तेवढ्या अरुंद. गाडी लांब शहराच्या बाजूला पार्किंगमध्ये दोन रात्री उभी राहिली. मुलांनी मागच्या सीटवरचा दिवा चालू ठेवला होता आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारला तर नुसती टकटक.

शेजारच्या गाडीवाल्याने केबल दिली. जोडणी कशीबशी झाली, गाडी सुरूही झाली. आनंदाच्या भरात पोराने इंजिन चालू असताना उतरलेल्या बॅटरीवरचाच काळा चिमटा आधी उपटला. ठिणगी पडली, बॅटरीचे झाकण फाटले आणि आम्लाचे शिंतोडे गालावर व बाहीवर उडाले. डोळा थोडक्यात वाचला. घाटावरून आणलेले पाण्याचे कॅन गाडीत होते, त्यातल्या पाण्याने वीस मिनिटे तोंड धुतले म्हणून निभावले. पत्राच्या शेवटी चालकांनी विचारले आहे, ‘‘हे मी त्याला शिकवायला हवे होते का? नियमात तर नाही.’’

त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 31 काढून पाहा. बॅटरीची देखभाल तिथे आहे, पण ‘जे’ या भागात. खासगी गाडी शिकणाऱ्याला 21 दिवसांत शिकवायचे भाग मात्र ए, बी, सी, एफ, जी आणि के. म्हणजे बॅटरी फक्त ट्रक-बस शिकणाऱ्यासाठी! ज्याच्या मदतीला क्लीनर असतो, ज्याच्या मालकाचा मेकॅनिक फोनवर असतो, त्याला हा धडा आहे. बायको-मुलांना घेऊन परक्या शहरात एकट्याने गाडी चालवणाऱ्याला नाही. नियम 24 मधल्या साहित्याच्या यादीत फळा आहे, पंक्चर किट आहे, जॅक आहे, हातोडासुद्धा आहे. जंपर केबल नाही. तपासणीला येणारे अधिकारी हातोडा मोजतात आणि सही करून जातात. ही यादी झाली तेव्हा गाडी बंद पडली की चार माणसे धक्का देऊन ती सुरू करत. आज कित्येक शिकाऊंच्या घरी ऑटोमॅटिक गाडी येते आहे, आणि ती धक्क्याने सुरू होत नाही.

यादी सुधारण्याची वाट पाहत बसायचे कारण मात्र आपल्याला नाही. शिकवायचे काय, ते वरच्याच प्रसंगावरून घेऊ.

पहिली गोष्ट निदानाची. सेल्फ मारताना भराभर टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, तर बॅटरी उतरली आहे. दिवे लख्ख आणि एकच ‘टक्’, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा सैल टर्मिनलमध्ये. तिथे केबल लावून काही साधणार नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी ती साफ करून नट आवळा. बॅटरी फुगलेली, तडकलेली, पाझरणारी असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर हात लावू नका, टोइंगला फोन करा.

दुसरी गोष्ट, मदत कोणाची घ्यायची. तीर्थक्षेत्राच्या पार्किंगमध्ये शेजारी हमखास मोठी बस असते आणि तिचा ड्रायव्हर मोठ्या मनाने केबल पुढे करतो. त्याला नमस्कार करून नाही म्हणा. मोठ्या बस-ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट घेतलेले असतात. ते 12 व्होल्टच्या गाडीला दिले तर ईसीयू जळायला क्षण लागत नाही. बॅटरीवरचे लेबल वाचूनच गाडी निवडायची. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीकडून, तिच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर, वीज घ्यायची नाही.

आता क्रम. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू नयेत. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, दोन्हींचे इग्निशन, एसी, दिवे बंद. हातातली अंगठी, धातूचे कडे काढून ठेवलेले. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा? उतरलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायचा नाही. त्या गाडीच्या इंजिनवरच्या, रंग नसलेल्या जाड धातूच्या भागाला लावायचा. बॅटरीपासून लांब, पंखा, पट्टा आणि इंधनाच्या नळीपासूनही लांब.

इथे अनेक जुने मेकॅनिक हसतात. ‘‘आम्ही आयुष्यभर थेट मायनसला लावले, काही झाले नाही.’’ खरे आहे, बहुतेक वेळा काही होत नाही. पण शेवटचा चिमटा टेकला की सर्किट पूर्ण होते आणि तिथेच ठिणगी पडते. चार्ज होणारी शिशाची बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत हा वायू चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून ठिणगी बॅटरीपासून दूर पाडायची. सर्किट तोडतानाही ठिणगी पडते, आणि काही मिनिटे वीज घेतलेल्या बॅटरीच्या तोंडाशी तेव्हा वायू आधीपेक्षा जास्त असतो. काशीतल्या पोराचे चुकले ते नेमके इथे. काढताना क्रम पूर्ण उलटा: धातूवरचा काळा पहिला, मग चांगल्या बॅटरीवरचा काळा, मग तिथला लाल, आणि सगळ्यांत शेवटी उतरलेल्या बॅटरीवरचा लाल. दरम्यान सुटलेला चिमटा दुसऱ्या चिमट्याला किंवा बॉडीला टेकू द्यायचा नाही.

जोडणी झाल्यावर चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटे चालू ठेवा. मग बंद गाडीला सेल्फ मारा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर थांबा. तीन-चार प्रयत्नांत उठली नाही तर थांबा. दोष दुसरीकडे आहे. चिमट्याजवळ केबल गरम लागली तर ती बारीक आहे. बाजारात जाड रबराच्या आत नावाला तार असलेल्या स्वस्त केबल भरपूर आहेत. तांब्याची, 25 चौरस मिलिमीटर जाडीची, तीन मीटर लांबीची घ्या; डिझेल गाडीचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नाही. इंजिन लगेच बंद करू नका आणि पहिल्या गॅरेजला बॅटरी व अल्टरनेटर दोन्ही तपासून घ्या. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, या साऱ्याला अर्धा तास लागतो. आपल्यातल्या कित्येकांच्या स्कूलच्या गाड्या सकाळी पोरांकडून ढकलून घेतल्या जातात आणि तोच ‘अनुभव’ म्हणून सांगितला जातो. हे आता थांबवा. पुढच्या बॅचला स्कूलच्या दोन गाड्या समोरासमोर लावा, बॉनेट उघडा, आणि दोन्ही गाड्या बंद ठेवून प्रत्येक शिकाऊकडून चारही चिमटे लावून घ्या. डोळ्यांना गॉगल, शेजारी पाण्याची बादली. लावणे सगळ्यांना लवकर जमते, म्हणून काढणे दोनदा करून घ्या. आणि नियम 24 च्या यादीत केबल, नियम 31 मध्ये खासगी वाहनाच्या शिकाऊंसाठी बॅटरीचा भाग घालावा, अशा मागणीचे पत्र आपापल्या आरटीओत देऊन पोच घ्या. पोचेची प्रत आमच्या कार्यालयात 25 तारखेपर्यंत पाठवा. सगळ्या एकत्र करून परिवहन आयुक्तांकडे आम्ही नेऊ.